५०-५० ची प्रायव्हेट लिमिटेड, दोन मालकांत बोलणं बंद: कंपनी गुंडाळायचा अर्ज टिकेल का?

भोसरीचा_टर्नर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, एकवीस माणसं. डिप्लोमाला बरोबर असलेल्या मित्रासोबत २००६ मध्ये भागीदारीत सुरू केलं. २०१५ मध्ये एका मोठ्या ग्राहकाने प्रायव्हेट लिमिटेड असल्याशिवाय व्हेंडर कोड मिळणार नाही असं सांगितलं, म्हणून कंपनी केली. शेअर निम्मे-निम्मे, डायरेक्टर आम्ही दोघंच, चेकवर सही दोघांची. प्रॉडक्शन मी बघतो, ऑर्डरी आणि वसुली तो. पगार दोघांना सारखा, डिव्हिडंड कधी काढला नाही.

त्याला मुलाला डायरेक्टर करायचं होतं, मी नको म्हटलं. मग मी मागितलेल्या नव्या मशीनला त्याने नकार दिला. तिथून जे फाटलं ते सांधलं नाही. आता एकाच ऑफिसात बसून आम्ही अकाउंटंटच्या हातून चिठ्ठ्या पाठवतो. पगाराच्या चेकवर माझी सही होते आणि चेक त्याच्या टेबलावर दोन-दोन दिवस पडून राहतो. गेल्या वर्षीचा ताळेबंद ऑडिटरने करून ठेवलाय, पण त्यावर त्याची सही नाही, त्यामुळे आरओसीकडे काही भरता आलेलं नाही.

धंदा मात्र नफ्यात आहे. मला यातून मोकळं व्हायचंय. न्याय आणि वाजवीपणाच्या कारणावरून एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं ट्रिब्युनल, कंपनी गुंडाळण्याचा आदेश देऊ शकते असं ऐकलं. आमच्यासारख्यांना ते मिळतं का?

हिशेबनीस

स्पष्ट सांगतो, नाही मिळणार. मी सीए आहे, अशी भांडणं बरीच पाहिलीत. नफ्यातली, देणी वेळेवर देणारी कंपनी ट्रिब्युनल बंद करत नाही. आणि कंपनी म्हणजे खरं तर भागीदारीच, हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या टाटा-मिस्त्री निकालात निकालात काढलाय. तुमचा रस्ता कलम २४१, म्हणजे दडपशाही आणि गैरव्यवस्थापन.

तोवर एक करा. रीतसर सर्वसाधारण सभा बोलवा. तो आला नाही की सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी. तेव्हाही नाही आला तर अर्ध्या तासानंतर जे हजर असतील तेच कोरम. हिशेब मंजूर करून मोकळे व्हा.

कर्वेनगरचे_काका

एवढा घोळ कशाला? इच्छाधीन भागीदारी असेल तर एका भागीदाराने लेखी नोटीस दिली की फर्म विसर्जित होते, कलम ४३. मी स्वतः १९९१ साली असंच केलंय. तुळशीबागेतलं दुकान होतं, नोटीस दिली, हिशेब केला, संपला विषय.

अ‍ॅड_कुंदा

काका, तुमच्या दुकानाला ते लागू होतं, इथे नाही. यांची फर्म २०१५ मध्ये संपली. आता मशीन, येणी, कर्ज सगळं कंपनीच्या नावावर आहे आणि कंपनी एका मालकाच्या नोटिशीने संपत नाही. पण तुम्ही बोट ठेवलंत तिथूनच हा कायदा निघालाय. भागीदारी कायद्याच्या कलम ४४ मध्ये कोर्ट फर्म विसर्जित करू शकतं त्यात न्याय आणि वाजवीपणा हे कारण आहेच, आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम २७१(ई) मध्येही तेच आहे. प्रश्न एवढाच, की कंपनीच्या पोशाखात आत भागीदारीच नांदत होती हे दाखवता येतं का.

हिशेबनीस, नफ्याचा मुद्दा मला पटत नाही. १९१६ चा येनिजे टोबॅकोचा इंग्लंडमधला निकाल बघा. दोन तंबाखूवाल्यांनी आपापले धंदे एकत्र करून कंपनी काढली. दोघंच डायरेक्टर, मताधिकार सारखा. पुढे इतकं बिनसलं की एकमेकांशी बोलणं सेक्रेटरीमार्फत. कंपनी चांगला नफा मिळवत होती, तरीही ती गुंडाळण्याचा आदेश झाला आणि अपिलात टिकला. कोर्ट म्हणालं, ही साधी भागीदारी असती तर या परिस्थितीत आपण ती मोडलीच असती. मूळ पोस्टमधल्या अकाउंटंटच्या चिठ्ठ्या वाचून मला तोच खटला आठवला.

टाटा-मिस्त्रीने तत्त्व संपवलेलं नाही. तिथे ट्रस्ट, समूहातल्या कंपन्या, पिढ्यान्‌पिढ्यांची होल्डिंग कंपनी. त्या कंपनीला भागीदारीसारखं मानायला कोर्टाने नकार दिला. दोन मित्रांच्या वर्कशॉपचा तो प्रश्नच नव्हता. हां, आपल्याकडे कोर्टं हात आखडता घेतात हे खरं. १९७६ च्या हिंद ओव्हरसीजमध्ये सुप्रीम कोर्टाने तत्त्व मान्य केलं, पण त्या कंपनीत भागीदारीचा गाभा दिसत नाही म्हणून गुंडाळायला नकार दिला.

टर्नरसाहेब, चार गोष्टी सांगा. आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, स्वतंत्र केलीत की कायद्यातला तयार नमुना, टेबल एफ, उचललं? मिनिट्समध्ये कुणाचं नाव चेअरमन म्हणून आहे का? शेअर खरंच फक्त दोघांच्या नावावर आहेत, की बायकामुलांच्याही? आणि जागा कुणाची?

स्वाती_औंध

मध्येच विचारते, माफ करा. बाबांच्या पश्चात त्यांचे ३० टक्के शेअर माझ्या नावावर आले. ७० टक्के चुलतभावाकडे. सभा होते, हिशेब येतात, पण मला काही विचारत नाहीत आणि डिव्हिडंडही देत नाहीत. मीही गुंडाळायचा अर्ज करू शकते का?

अ‍ॅड_कुंदा

स्वाती, अर्ज करण्याचा हक्क आहे, वारसाहक्काने आलेले शेअर चालतात. पण तुमच्याकडे कोंडी नाही. तुमचा भाऊ बहुमताने निर्णय घेतोय आणि कंपनी चालतेय. मतदानात हरणं एवढ्यावर कुणी कंपनी गुंडाळत नाही. बाबा हयात असताना दोघांनी मिळून कारभार करायचा अशी समजूत होती का, आणि ती तुमच्यापर्यंत पोचते का, हा वेगळा आणि अवघड वाद आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

भोसरीचा_टर्नर

कुंदाताई, कागद काढून बसलो होतो.

शेअर दोघांचेच, प्रत्येकी ५,००० शेअर, १० रुपयांचे. आर्टिकल्स टेबल एफ जशीच्या तशी, सीएच्या माणसाने छापून दिली आणि आम्ही सह्या केल्या. २००६ ची भागीदारीची करारपत्रं आहेत, नोटरी केलेली, त्यात नफा-तोटा समान.

मिनिट्स बुकात २०१५ च्या पहिल्या बोर्ड मीटिंगला त्याचं नाव 'सभेचे अध्यक्ष' म्हणून लिहिलंय. नंतरच्या काही मीटिंगना माझं, काहींना त्याचं. शेवटची आठ-दहा पानं कोरी आहेत.

मी बोर्ड मीटिंगच्या नोटिसा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवल्या. पाकिटं परत आली, वर पोस्टमनच्या पेनाने 'घेण्यास नकार' आणि तारीख. फोडलेली नाहीत. ईमेलही केले, उत्तर नाही.

जागा त्याच्या नावावर आहे. प्लॉट त्याने आधीच घेतला होता, कंपनी भाडं देते. हे आधी लिहायला हवं होतं का?

हिशेबनीस

मग तर कोंडीच नाही! टेबल एफमध्ये बोर्डात समसमान मतं पडली तर चेअरमनला जादा मत आहे. तो चेअरमन असेल तर प्रत्येक ठराव तो पास करू शकतो. कोर्ट विचारेल, अडलंय कुठे?

आणि दुसरं. बारा महिने बोर्डाच्या एकाही मीटिंगला न आलेल्या डायरेक्टरचं पद कलम १६७ प्रमाणे आपोआप जातं. म्हणजे उलट तोच बाहेर. तो आता डायरेक्टर नाही हे आरओसीला कळवायचा फॉर्म, डीआयआर-१२, भरा.

अ‍ॅड_कुंदा

दोन्ही मुद्दे महत्त्वाचे, पण दोन्हींत पाय घसरण्याची जागा आहे.

आधी जादा मत. टेबल एफमध्ये ते आहे हे बरोबर. पण चेअरमन नेमला असेल तरच. इथे कधी तो, कधी हा, म्हणजे त्या-त्या सभेपुरता अध्यक्ष निवडत होते असा अर्थ निघतो. समोरचा वकील पहिल्या मिनिट्सवरून तो कायमचा चेअरमन असल्याचं म्हणणारच. यावर वाद होईल, मी आज छातीठोक उत्तर देणार नाही. तरी समजा, तो चेअरमन आहे. बोर्डाला कोरम दोन डायरेक्टरांचा लागतो. टर्नरसाहेब गेले नाहीत तर त्याचंही मत अडकतं. आणि ते मत बोर्डापुरतं आहे. डायरेक्टर नेमणं-काढणं सभासदांच्या हातात, तिथे ५,००० विरुद्ध ५,०००.

त्याही पुढची गोष्ट. जादा मत वापरून त्याने यांना कारभारातून बाहेर काढलं, तर केस आणखी भक्कम होईल. १९७२ चा एब्राहिमीचा निकाल अगदी यावरच आहे. गालिच्यांचा धंदा, दोघांची जुनी भागीदारी, मग कंपनी. एकाचा मुलगा डायरेक्टर म्हणून आत आला आणि बाप-लेकाने मिळून एब्राहिमींना डायरेक्टरपदावरून काढलं. कायद्याने दिलेला अधिकार त्यांनी नीट वापरला होता, त्यात खोट नव्हती. तिथे कोंडीही नव्हती, बहुमत स्पष्ट होतं. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी गुंडाळली. लॉर्ड विल्बरफोर्स यांनी जी लक्षणं सांगितली ती आजही प्रत्येक अर्जात दिसतात: एकमेकांवरच्या विश्वासाने झालेला संबंध, दोघांनी कारभारात भाग घ्यायचा अशी समजूत, आणि शेअर बाहेर विकता न येणं. अशा कंपनीत कागदावरचा हक्क वापरतानाही त्या समजुतीचं बंधन राहतं. टर्नरसाहेब, मुलाला डायरेक्टर करायला तुम्ही नकार दिला, नाहीतर तुमची एब्राहिमीच झाली असती.

आता पद आपोआप जाण्याचं. मीटिंगला कोरमच झाला नसेल तर मीटिंग झाली असं म्हणता येत नाही, मग तो गैरहजर कशाला होता? माझ्या मते डीआयआर-१२ भरू नका. भरलात तर कंपनीत एकच डायरेक्टर उरतो, जे प्रायव्हेट कंपनीला चालत नाही, आणि ट्रिब्युनलसमोर कंपनी बळकावायला निघालेला माणूस म्हणून तुम्ही उभे राहाल. या अर्जात हात स्वच्छ लागतात. ज्याच्या वागण्यामुळे विश्वास मोडला त्यालाच न्यायाच्या नावाने कंपनी मोडून देत नाहीत.

तहकूब सभेचंही तसंच. 'हजर असतील ते सभासद' यात अनेकवचन आहे. एकट्या माणसाची सभा होत नाही हा जुना नियम. एकट्याने बसून हिशेब मंजूर केलेत तर ते पुढे उडेल. ट्रिब्युनलकडे कलम ९८ खाली अर्ज केलात तर ती सभा बोलावण्याचा आणि एक सभासद हजर असला तरी कोरम धरण्याचा आदेश देऊ शकते. त्याने कोरमची अडचण सुटते. समसमान मतांची सुटत नाही.

हिशेबनीस

एकट्याच्या सभेचं मान्य. मी ज्या कंपनीत हे केलं तिथे कुणी आव्हान दिलं नाही, एवढंच. जादा मताबद्दल मात्र माझं मत कायम आहे, बेंचवर कोण बसलंय त्यावर ठरेल.

चाकणचा_सुपरवायझर

मी मालक नाही, अशाच एका कंपनीत सुपरवायझर होतो. दोन मालकांच्या भांडणात बँकेला एकाने पत्र दिलं आणि खातं गोठलं. आम्हाला सात आठवडे पगार नाही. पोरं दुसरीकडे गेली, मशीनवर धूळ. तुम्ही दोघं कोर्टात जाल, आमचं काय? गुंडाळली तर ग्रॅच्युइटी, थकलेला पगार मिळतो का?

अ‍ॅड_कुंदा

मिळतो, आणि वरच्या रांगेत मिळतो. कामगारांची देणी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने धरली जातात, कायद्यातल्या मर्यादेत. पण ती मशीन विकून आलेल्या पैशातून, म्हणून वेळ लागतो. तुमचा प्रश्न इथे फार मोलाचा आहे, कारण ट्रिब्युनलही तोच विचार करते. एकवीस घरं चालवणारी चालती कंपनी दोघांच्या रागापायी का मोडायची? म्हणून कलम २७३(२) आहे. दुसरा उपाय हाताशी असून अर्जदार हट्टाने गुंडाळायलाच सांगत असेल, तर ट्रिब्युनल आदेश नाकारू शकते.

टर्नरसाहेब, गुंडाळल्यावर तुमच्या हातात काय येतं याचा हिशेब केलाय का? हिशेबनीस, तुम्ही मांडाल?

हिशेबनीस

टर्नर यांनी व्यनितून आकडे दिलेत, त्यांच्या परवानगीने गोल करून मांडतो.

लिक्विडेटर आला तर: मशीनची पुस्तकी किंमत १ कोटी १० लाख, पण भाड्याच्या जागेतून उचलून लिलावात विकायची, ६० लाख धरतो. येणी ८५ लाख, पण पुरवठा थांबला की ग्राहक रिजेक्शन आणि डेबिट नोटा काढतो, हाती ६५. अर्धवट माल आणि कच्चा माल ४० लाखांचा, भंगाराच्या जवळपास जाईल, १५. एकूण १ कोटी ४० लाख. समोर बँक ९५, पुरवठादार ४५, कामगार १८. एकूण १ कोटी ५८ लाख. म्हणजे १८ लाखांची तूट, लिक्विडेटरचा खर्च अजून धरलेलाच नाही. दोघांच्या शेअरची किंमत शून्य.

चालती कंपनी म्हणून पाहिलं तर करानंतरचा नफा वर्षाला ३८ लाख. अशा छोट्या जॉबवर्कला पाचपट धरली तर १ कोटी ९० लाख, यांचा निम्मा वाटा ९५ लाख. पाचपट की चौपट यावर भांडण होईल, पण शून्य आणि ९५ यातलं अंतर कुठल्याही पद्धतीने उरतंच.

बँकेला दोघांची वैयक्तिक हमी आहे असंही त्यांनी सांगितलं. कंपनी गुंडाळली तरी ती हमी सुटत नाही.

अ‍ॅड_कुंदा

सुरेख मांडलंत. म्हणून माझा सल्ला असा: अर्ज कलम २४१-२४२ खाली करा, आणि त्यात येनिजेसारखी परिस्थिती संपूर्ण मांडा. २४२ ची रचना तशीच आहे. गुंडाळण्याइतकी कारणं आहेत, पण गुंडाळलं तर सभासदांचंच नुकसान होईल, असं दिसलं की ट्रिब्युनल एकाला दुसऱ्याचे शेअर विकत घ्यायला लावू शकते. त्याच कलमात दडपशाही किंवा कंपनीच्या हिताला बाधा येईल असा कारभार दाखवण्याचीही अट आहे, म्हणून अडवलेले पगाराचे चेक आणि न झालेल्या सह्या तारीखवार लिहा. सोबत २४२(४) चा अंतरिम अर्ज: पगार, जीएसटी, पीएफ यांच्या चेकवर सही अडवता येणार नाही, किंवा निरीक्षक नेमा.

२००८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर बाप आणि मुलगा असे दोघंच सभासद असलेल्या सूतगिरणीचं प्रकरण आलं होतं, राधारमणन विरुद्ध चंद्रशेखर राजा. दडपशाही ठळकपणे सिद्ध झाली नव्हती, पण कोंडी होती. एकाने दुसऱ्याचे शेअर मूल्यांकनाने घ्यावेत हा आदेश कोर्टाने कायम ठेवला. तुमच्या वकिलाने हा निकाल वाचलेला असायला हवा.

निव्वळ २७१(ई) चा अर्ज मी शेवटी ठेवीन. विकत घेणं, वाटणी, काहीच जमत नाही असं झालं तर.

कर्वेनगरचे_काका

आमच्याकडे भावाभावांत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, अशी पद्धत होती. यांनी तसंच करावं. एकाने शेअरचा भाव सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाने घ्यायचं की द्यायचं ते ठरवायचं.

अ‍ॅड_कुंदा

काका, हे उत्तम आहे, आणि दोघांनी मानलं तर ट्रिब्युनल तडजोड म्हणून नोंदवून घेते. अडचण एकच, ज्याच्या हाताशी रोकड कमी तो कमी भाव सांगणाऱ्यापुढे अडकतो.

हिशेबनीस

आणि इथे दुसरी अडचण आहे. जागा पार्टनरची. माझ्या मते ट्रिब्युनल त्यालाच विकत घ्यायला सांगेल. जागा त्याची, ग्राहक त्याच्या ओळखीचे. टर्नर फक्त मशीन सांभाळतात.

अ‍ॅड_कुंदा

'फक्त' म्हणू नका. ज्याच्यामुळे माल वेळेत आणि मापात निघतो त्यालाही ग्राहक ओळखतो. चालवतंय कोण, पैसे कोण उभे करू शकतं, माणसं कुणाबरोबर थांबतील, हे पाहिलं जातं. भाडेकरार कंपनीच्या नावाने रजिस्टर्ड आहे का, मुदत किती उरली, यावर बरंच अवलंबून आहे. तो करार नसेल तर हिशेबनीस बरोबर ठरण्याची शक्यता जास्त.

भोसरीचा_टर्नर

करार अकरा महिन्यांचा होता, तीन वर्षांपूर्वी संपला. नवा केला नाही, भाडं मात्र दर महिन्याला जातं, बँकेतून.

खरं सांगतो, मी शेअर विकायलाही तयार आहे. योग्य भाव आणि बँकेच्या हमीतून माझं नाव सुटणं, एवढंच हवं. मुलांना घेऊन मला दुसरीकडे दोन मशीनवर सुरुवात करता येईल.

अ‍ॅड_कुंदा

मग ते अर्जात पहिल्यापासून लिहा. विकायला तयार आहे, मूल्यांकन स्वतंत्र व्हॅल्युअरकडून, आणि हमीतून मुक्त करण्याची अट आदेशात. ट्रिब्युनल बँकेवर हमी सोडण्याची सक्ती सहजी करणार नाही, म्हणून विकत घेणाऱ्याने कर्ज फेडावं किंवा पर्यायी तारण द्यावं आणि तोवर शेअर हस्तांतर होऊ नये, अशी मांडणी करा. ५० टक्के आहेत, तेव्हा अल्पमतातला हिस्सा म्हणून भाव कापायला हरकत घ्या. दुसरीकडे सुरू करणार असाल तर डायरेक्टर असेपर्यंत या कंपनीच्या एकाही ग्राहकाशी बोलू नका, नाहीतर स्वच्छ हातांचा मुद्दा तुमच्यावरच उलटेल.

परत आलेली पाकिटं फोडू नका, तशीच जोडायची आहेत. अकाउंटंटच्या चिठ्ठ्या तारखेने लावा. हिशेब न भरल्याचा दंड एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये चढतोय, आणि सलग तीन वर्षं गेली तर तुम्ही दोघंही डायरेक्टर म्हणून अपात्र ठराल. त्यामुळे हिशेबावरच्या सहीचा आदेशही अंतरिम अर्जात मागा. आरओसी आकुर्डीत असलं तरी अर्ज मुंबईला, कफ परेडच्या बेंचसमोर.

चाकणचा_सुपरवायझर

पगाराच्या चेकचा अंतरिम अर्ज सगळ्यात आधी करा साहेब. बाकीचं चालत राहील.

भोसरीचा_टर्नर

तोच आधी करतोय. सोमवारी वकिलांकडे जातोय, २००६ ची करारपत्रं आणि पाकिटं घेऊन. मिनिट्स बुक मात्र त्याच्या कपाटात आहे. माझ्याकडे मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, सगळ्या पानांचे नाहीत. ते मागायचं कसं?

अ‍ॅड_कुंदा

डायरेक्टर म्हणून ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. आधी लेखी मागा, ईमेल आणि पोस्ट दोन्हीने. नकार किंवा मौन, दोन्ही अर्जात जोडता येतं. आणि पहिल्या मीटिंगच्या पानाचा फोटो नीट आहे ना, ते आजच बघा.